शीर्षकात ‘₹2,500 ते ₹3,500’ आणि ‘2026’ लिहिण्याआधीची तयारी

अ‍ॅफिलिएट दुव्यांसह ‘सर्वोत्तम’ वस्तूंचा लेख लिहिताना शीर्षक शेवटी सुचतं, पण त्यासाठीची माहिती आधीच हाताशी असावी लागते. इथे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरच्या छताच्या पंख्यांचं उदाहरण घेतलं आहे. इंदूरमधला वाचक ऑनलाइन भाव पाहतो आणि संध्याकाळी महाराणी रोडवरच्या दुकानात तोच पंखा विचारतो. शीर्षकातला आकडा खोटा असेल तर त्याला तो त्याच दिवशी कळतो.

पहिली तयारी किमतींची. एक वही किंवा शीट घ्या आणि प्रत्येक पंख्यासमोर चार रकाने आखा: किंमत, पाहिल्याची तारीख, विक्रेता, रंग आणि आकार. पिनकोड 452001 टाकूनच भाव पाहा, कारण पोहोचवण्याचा खर्च आणि उपलब्धता जागेप्रमाणे बदलते. एका आठवड्यात तीन वेगळ्या दिवशी भाव नोंदवा आणि तिन्हींपैकी मधला धरा. तो त्या मॉडेलचा चालू भाव. सेलच्या दिवसाचा भाव, बँक कार्डाची सवलत, जुना पंखा देऊन मिळणारी सूट आणि कूपन यांतलं काहीही धरू नका, कारण ते सगळ्या वाचकांना मिळत नाही. एमआरपीही धरू नका. तो कमाल भाव आहे, त्या भावानं पंखा क्वचितच विकला जातो. रंग मात्र जरूर पाहा. पांढरा पंखा स्वस्त आणि तोच तपकिरी रंगात दोन-तीनशेंनी महाग, असं सर्रास असतं. लेखात फोटो तपकिरी पंख्याचा आणि शीर्षकात भाव पांढऱ्याचा, ही चूक इथेच होते.

समजा सहा पंख्यांचे मधले भाव असे निघाले: 2,549, 2,699, 2,890, 2,999, 3,240 आणि 3,790. ‘₹2,500 ते ₹3,800’ लिहिलं तर खोटं नाही, पण पाच पंखे 3,300च्या आत आहेत आणि एकच वर. 3,500 घेऊन निघालेल्याला तो सहावा परवडणार नाही, आणि वरचा आकडा पाहून तो लेख उघडणारच नाही. म्हणून सहावा मोजणीतून काढा. लेखाच्या शेवटी ‘थोडे जास्त पैसे असतील तर’ असा त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या. उरलेल्या पाचांसाठी किमतीचा पट्टा ₹2,500 ते ₹3,500. खालचा आकडा सर्वांत स्वस्त पंख्याच्या अगदी जवळ हवा, वरचा आकडा सर्वांत महाग पंख्याच्या थोडा पुढे. भाव आठवड्यात शे-दोनशेंनी हलतो, तेवढी जागा वर ठेवली की शीर्षक टिकतं. ‘₹1,999 पासून’ असं लिहायचा मोह तेव्हाच होतो, जेव्हा तेवढ्या भावाचं एखादं मॉडेल सध्या संपलेलं असतं. जे मॉडेल आज मागवता येत नाही, त्याचा भाव शीर्षकात घेऊ नका.

नेमक्या भावाऐवजी असा गोल आकड्यांचा पट्टा ठेवायचं आणखी एक कारण आहे. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स करारात किंमत दाखवायची ती त्यांच्या दुव्यातून किंवा त्यांच्या एपीआयमधून आलेली असावी लागते, हातानं टाईप केलेली चालत नाही. म्हणून ‘फक्त ₹2,549’ असा नेमका भाव शीर्षकात नको, वाचकाच्या बजेटचा पट्टा ठेवा. इतर दुकानांचे करार वेगळे असतात, तेही त्याच बैठकीत वाचून घ्या.

आता वर्ष. ‘2026’ लिहिणं म्हणजे या वर्षी प्रत्येक मॉडेल पुन्हा तपासलं असं सांगणं. पंख्यांत हे महत्त्वाचं का, ते स्टार लेबलवरून कळतं. छताच्या पंख्यांना ते जानेवारी 2023 पासून बंधनकारक झालं, त्यामुळे त्याआधीची तुलना नवं वर्ष चिकटवून चालवली तर मजकूर कोसळतो. वर्ष लिहिण्याआधी तीन गोष्टी पाहा: मॉडेल अजून विक्रीला आहे का, लेबलवर किती तारे आहेत, वॉरंटीचे महिने बदललेत का. तिन्हीसमोर तारीख टाकता आली तरच वर्ष शीर्षकात जाईल.

वर्ष आपोआप बदलणारे कोड वापरत असाल तर शीर्षकाच्या खान्यात हे आहे का बघा आणि काढून टाका:

```
%%currentyear%%
%currentyear%
```

पहिलं योस्टचं, दुसरं रँक मॅथचं. 1 जानेवारीला दोन्ही शीर्षकं नवं वर्ष दाखवतात, आतला भाव मात्र मागच्या पावसाळ्यातला राहतो. लेखाच्या वेब-पत्त्यात ना वर्ष घाला ना भाव. `bldc-ceiling-fan` एवढंच पुरे, नाहीतर दरवर्षी दुवा तोडावा लागतो.

मग शब्द. ‘सर्वोत्तम’ तेव्हाच, जेव्हा निवडीचा निकष लेखात लिहिला आहे. पंखे हाताळलेच नसतील तर ‘तुलना’ लिहा, ‘टेस्ट केलेले’ लिहू नका. ‘वीजबिल अर्ध्यावर’ हा दावा गणितानंच पडतो. जुना पंखा 75 वॅटचा आणि बीएलडीसी 30 वॅटचा धरला, रोज 12 तास पूर्ण वेगानं चालवला, तर दिवसाला 45 गुणिले 12 म्हणजे 540 वॅट-तास वाचतात, महिन्याला साधारण 16 युनिट. उन्हाळ्यात त्याच घरात कूलर आणि फ्रिजही चालतात, तिथे 16 युनिटनं बिल अर्धं होत नाही. शीर्षकात बचत सांगायचीच असेल तर ‘महिन्याला सुमारे 16 युनिट बचत’ लिहा, आणि वॅट व तास लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात द्या.

शेवटी जोडणी. वस्तू आधी, भाव लगेच, संख्या नंतर, वर्ष शेवटी: ‘बीएलडीसी पंखे ₹2,500 ते ₹3,500: 5 मॉडेलची तुलना (2026)’. गूगल शीर्षक अक्षरं मोजून कापत नाही, पडद्यावरच्या रुंदीला कापतं, आणि देवनागरीत ती रुंदी अक्षरसंख्येवरून नीट कळत नाही. म्हणून फोनवर शोधून पाहा. कापलं गेलंच तर वर्ष जावं, भाव राहावा. पानावरचं मोठं शीर्षक, title टॅग आणि शेअर करतानाचं `og:title` तिन्हींत पट्टा आणि वर्ष एकच हवं. जुळत नसेल तर गूगल स्वतःच्या मनानं दुसरंच शीर्षक उचलू शकतं. दुव्यांतून कमिशन मिळतं हे शीर्षकात नाही सांगितलं तरी चालेल, पण पहिल्या दुव्याच्या आधी स्पष्ट मराठीत हवं. 2022च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध उघड करणं अपेक्षित आहे. त्याच ओळीच्या खाली ‘किमती अमुक तारखेला पाहिल्या’ हेही लिहा.

प्रकाशित झाल्यावर कॅलेंडरमध्ये तीन दिवस टाका: मार्चचा दुसरा आठवडा, उन्हाळ्याची मागणी वाढण्याआधी, दिवाळीच्या सेलनंतर दहा दिवसांनी, भाव पूर्ववत झाल्यावर, आणि 2 जानेवारी. पाचांपैकी एखादा 3,500च्या वर गेला तर त्याला यादीतून काढून आकडा ‘4 मॉडेल’ करा. दोन गेले तर पट्टाच नव्यानं मोजा आणि तारखेची ओळ बदला.