शिल्लक जुळत नाही? शेवटच्या फरकामागे धावू नका

करवीर तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचं हाताने लिहिलेलं बचत खात्याचं पासबुक समोर आहे. दूध बिल, रोख भरणा, वीजबिल अशा साध्याच नोंदी. पण शेवटची शिल्लक हिशोबापेक्षा २,३०० रुपयांनी जास्त दिसते. अशा वेळी बहुतेक जण करतात ती पहिली चूक म्हणजे पासबुकभर २,३०० ची नोंद शोधत बसणं. ती सापडत नाही, कारण तशी नोंदच नसते.

फरक शेवटी दिसतो, पण जन्मतो मध्येच कुठेतरी. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: वरच्या ओळीत लिहिलेली शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर या ओळीची शिल्लक येते का? या पासबुकातल्या नोंदी अशा होत्या, सुरुवातीची शिल्लक १८,४५०:

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| ५ जून | रोख | | ६,००० | २४,४५० |
| ९ जून | वीजबिल | १,३७० | | २३,०८० |
| १२ जून | दूध बिल | | ५,८४० | २९,८२० |
| २० जून | रोख | ३,००० | | २६,८२० |
| ३० जून | व्याज | | २१५ | २७,०३५ |
| ३ जुलै | रोख | ७०० | | २७,७३५ |

१२ जूनला २३,०८० मध्ये ५,८४० मिळवले की २८,९२० येतात, लिहिलेत २९,८२०. आठ आणि नऊची अदलाबदल झाली. फरक ९००, आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. मात्र उलट खरं नसतं: ९ ने भाग गेला म्हणजे अंकच उलटलेत असं नाही, ९०० रुपयांची नोंद राहून गेली असेल तरीही तेवढाच फरक पडतो. म्हणून अंक डोळ्यांनी पाहायचे.

पुढच्या दोन ओळी बरोबर आहेत. चूक त्यांच्यात नाही, ती फक्त पुढे वाहत आली आहे. इथे लोक त्या ओळींवरही लाल खूण करतात आणि कारकुनाशी विनाकारण वाद होतो. नंतर ३ जुलैला २७,०३५ मधून ७०० वजा करायचे होते, ते मिळवले गेले. फरक १,४००, म्हणजे रकमेच्या दुप्पट. नावे-जमा उलटं झाल्याची ही खूण. फरकाचा निम्मा करून त्या रकमेची नोंद बघायची. आता ९०० आणि १,४०० मिळून २,३०० होतात. दोन चुकांची बेरीज होऊन बसलेल्या आकड्यावरून मूळ कारण ओळखणं कुणालाच जमलं नसतं. दोन चुका एकमेकींना खाऊन शेवटची शिल्लक बरोबर दिसू शकते, हेही त्यातलंच.

पानाच्या टोकाशी जास्त सावध राहा. ‘मागील पानावरून’ लिहिताना आकडा चुकतो, आणि आपण नव्या पानाची पहिली ओळ तपासायची विसरतो.

बँकेचं संगणकीय स्टेटमेंट असेल तर बेरीज सहसा चुकत नाही, आपली मांडणी चुकते. एक्सेलमध्ये C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक असेल आणि पहिली शिल्लक E2 मध्ये असेल तर तिसऱ्या ओळीत रिकाम्या F मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=ROUND(E2+D3-C3-E3,2)
```

शून्य आलं की ओळ बरोबर. ROUND नसेल तर पैशांच्या अपूर्णांकामुळे कधीकधी खोटाच सूक्ष्म फरक दिसतो. जवळजवळ प्रत्येक ओळीत फरक आला तर बँकेला दोष देऊ नका. बहुधा स्टेटमेंट नव्यापासून जुन्याकडे लावलेलं असतं. तेव्हा सूत्रात E2 ऐवजी E4 घ्या. तारखेनुसार पुन्हा क्रम लावण्याचा मोह मात्र टाळा, कारण एकाच दिवशी पाच-सहा यूपीआय व्यवहार असले की त्यांचा मूळ क्रम बिघडू शकतो. शिल्लकेपुढे ‘Cr’ चिकटलेलं असेल तर `#VALUE!` येतं, ते आधी काढा. आकडे मजकूर म्हणून उतरले असतील तर SUM त्यांना न बोलता वगळतो, हे जास्त फसवं.

चूक आपल्या फायद्याची आहे म्हणून गप्प बसणारेही भेटतात. पण पासबुक ही नक्कल. संस्थेच्या खातेवहीत बहुधा २५,४३५ च असतात. म्हणून शाखेत जाताना फक्त १२ जून आणि ३ जुलै या दोन ओळी, लिहिलेली आणि यायला हवी ती शिल्लक, एवढंच कागदावर न्या आणि खातेउतारा मागा. उतारा बरोबर निघाला तर पासबुक दुरुस्त करून सही-शिक्का घ्या. उताऱ्यातही तीच चूक असेल तर ३० जूनचं व्याज कोणत्या शिल्लकेवर काढलं तेही विचारा. पतसंस्थेने दाद दिली नाही तर तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयात करायची. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पतसंस्थेची तक्रार चालत नाही.

ही तपासणी फक्त गणित पकडते. भरलेली रक्कम पासबुकात चढलीच नसेल तर प्रत्येक ओळ शून्य दाखवेल. त्यासाठी भरणा पावत्या आणि दूध संस्थेची बिलं शेजारी ठेवून एकेक नोंद टिकमार्क करावी लागते.