बे विंडोच्या कोपऱ्यात वाकवलेला पडद्याचा रॉड: या चुका टाळा

भिंतीतून बाहेर आलेल्या, कोपरे असलेल्या खिडकीला, म्हणजे बे विंडोला, वाकवता येणारा रॉड लावला आणि पडदा कोपऱ्यात अडकतो, अशी तक्रार आली की दोष रिंगांना दिला जातो. रिंगा बदलतात, रॉडला तेल लावतात, पडदा हलका करून बघतात. मी अशा खिडकीपाशी गेलो की रिंगांकडे नंतर बघतो, आधी ब्रॅकेट कुठे ठोकलेत ते बघतो. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

सगळ्यात मोठी चूक: कोपऱ्याच्या बरोब्बर मध्यात ब्रॅकेट

रॉड वळतो तिथे त्याला आधार हवा, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की लोक भिंतीच्या कोपऱ्यातच प्लग ठोकून मोकळे होतात. माझ्या ओळखीच्या एका घरी हेच झालं होतं. तीन बाजूंची खिडकी, मधली भिंत 150 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंच्या 70-70, आणि मधले कोपरे 135 अंशांचे. बसवणाऱ्याने दोन्ही कोपऱ्यांत एकेक ब्रॅकेट लावला होता. काही आठवडे पडदा कसाबसा सरकला. मग एका कोपऱ्यात रिंगा थांबू लागल्या, घरच्यांनी पडदा खालून ओढायला सुरुवात केली आणि शेवटी ब्रॅकेट प्लगसकट बाहेर आला. भिंतीला खड्डा, रॉडला चिमटा. प्लग हलका होता असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि त्याच जागी मोठा प्लग ठोकायची तयारी सुरू झाली.

प्लगचा काही दोष नव्हता. ब्रॅकेट भिंतीपासून 9 सेंटिमीटर पुढे येणारे होते. सरळ भिंतीवर रॉड भिंतीपासून 9 सेंटिमीटरवर राहतो, पण कोपऱ्यात तसं होत नाही. तिथे रॉड गोलाईने वळतो. गोलाईची त्रिज्या 20 सेंटिमीटर धरली, तर बाकाचा मध्य भिंतीच्या कोपऱ्यापासून जवळजवळ साडेअकरा सेंटिमीटर लांब पडतो. तिथला ब्रॅकेट पोचतो 9 पर्यंतच. उरलेलं अंतर भरून काढायला बसवणाऱ्याने रॉड दाबून मागे ओढला होता. त्यामुळे गोलाई मोडून तिथे टोक तयार झालं, आणि तो ताण अहोरात्र एकाच स्क्रूवर राहिला. शिवाय ब्रॅकेटची बैठक सपाट असते, ती कोपऱ्यात नीट टेकतच नाही.

बाकावर ब्रॅकेट नकोच. तो हवा बाक संपल्यावर, दोन्ही अंगांना, सरळ भागावर. बाक जिथे संपतो तिथून साधारण 5 सेंटिमीटर सोडून मी खूण करतो. वरच्या खिडकीत हे अंतर भिंतीच्या कोपऱ्यापासून 17 सेंटिमीटर येतं. मधल्या भिंतीवर आणखी एक ब्रॅकेट मधोमध, आणि रॉडच्या दोन्ही टोकांजवळ एकेक. असे एकूण सात. सात म्हटल्यावर लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण वळणाजवळ पडदा ओढला की रॉडवरचा जोर खोलीच्या दिशेने येतो, आणि तो जोर पेलायला बाकाच्या दोन्ही बाजूंना जवळ आधार लागतोच. एखादा ब्रॅकेट वाचवायचाच असेल तर टोकाचा वाचवा, बाकाशेजारचा नाही.

आता बंद रिंगांचं काय?

इथे एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बाकाच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेट आले, म्हणजे बंद गोल रिंग बाक ओलांडूच शकत नाही. ती ब्रॅकेटला धडकून थांबणार. आयलेटच्या पडद्यांचंही तेच, कारण त्यांची छिद्रंही बंदच असतात. म्हणून रॉड विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारा: उघडल्यावर पडदा कुठे गोळा होणार? प्रत्येक भिंतीचा पडदा आपल्याच भिंतीपुरता सरकणार असेल तर बंद रिंगा चालतील. फक्त प्रत्येक तुकडा दोन ब्रॅकेटच्या मध्ये राहील असं बघा. मधल्या भिंतीवर तिसरा ब्रॅकेट आहे, म्हणून तिथे दोन तुकडे करावे लागतील. कोपऱ्यापाशी पडद्यांमध्ये फट राहते, तीही मान्य असायला हवी. सगळा पडदा दोन टोकांना न्यायचा असेल, आणि बहुतेकांना तेच हवं असतं, तर मागून उघड्या सी रिंगा आणि त्यांना जाऊ देणारे बारीक मानेचे ब्रॅकेट लागतील. या ब्रॅकेटची मान मागून येऊन रॉडला धरते आणि रिंगेचं उघडं तोंड त्या मानेवरून पलीकडे जातं. रिंगा आणि ब्रॅकेट एकाच जोडीचे घ्या. रिंगा एकीकडून आणि ब्रॅकेट दुसरीकडून घेतले की मान जाड निघते आणि सगळं काम परत करावं लागतं.

सी रिंगा लावूनही पडदा ब्रॅकेटपाशी ‘टक’ आवाज करून थांबत असेल तर एकेक रिंग बघा. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे हवीत. एखादी उलटी चढली असेल तर तिच्यामागची सगळी रांग अडते. तोंडं बरोबर असूनही रिंग अडकत असेल तर पडदा खालच्या काठाला धरून ओढला जातोय. खालून तिरकं ओढलं की रिंग रॉडभोवती फिरते, तोंड मानेसमोरून सरकतं आणि रिंग तिथेच थांबते. बाकावर हे जास्त होतं, कारण ओढ कायम आतल्या बाजूला असते. पुढच्या रिंगेला एक काठी टांगा आणि पडदा त्या काठीनेच सरकवा. मी प्रत्येक वाकवलेल्या रॉडला ती लावतोच. घरात कुणाला काठी आवडत नसेल, किंवा पडदा अस्तराचा आणि जड असेल, तर मी रॉडऐवजी ट्रॅक सुचवतो. त्यात रनर खालच्या खोबणीतून जातात आणि ट्रॅकला वरून किंवा मागून धरलेलं असतं, त्यामुळे वाटेत ब्रॅकेट येतच नाही. दिसायला रॉड देखणा, हे मला मान्य आहे. पण रोज दोनदा अडकणारा देखणा रॉड काय कामाचा?

माप भिंतीवर घेऊन तेवढाच रॉड कापणे

वरच्या खिडकीत टेप भिंतीला लावून 70, 150 आणि 70 अशी बेरीज केली तर 290 सेंटिमीटर येते. रॉड मात्र भिंतीच्या पुढे, आतल्या अंगाला असतो, म्हणून तो आखूड लागतो. किती आखूड, हे 135 अंशांच्या कोपऱ्यात सोप्या हिशोबाने निघतं: ब्रॅकेट जितका पुढे येतो त्याला 0.414 ने गुणा. 9 सेंटिमीटरला हे 3.7 येतं. कोपऱ्याला भिडणाऱ्या प्रत्येक भिंतीच्या मापातून तेवढं वजा करायचं, मधल्या भिंतीतून दोनदा. म्हणजे बाजू 66.3 आणि मधला भाग 142.6, मिळून 275 च्या आसपास. गोलाईमुळे प्रत्येक कोपऱ्यात आणखी सेंटिमीटरभर वाचतो, पण तेवढा फरक टोकाला कापून काढता येतो. 290 चा रॉड तसाच बसवायला गेलं की पंधरा सेंटिमीटर जास्तीचे कुठेतरी कोंबावे लागतात, आणि ते कोंबले जातात बाकातच. बाक फुगतो, ब्रॅकेटच्या खुणा चुकतात, मग ब्रॅकेट वाकवले जातात.

कोपरा 135 चाच आहे असं गृहीत धरू नका. कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर 50-50 सेंटिमीटरवर खूण करा आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजा. 92.4 आलं तर कोन 135 अंश. 96.6 आलं तर 150 अंश, आणि तिथे 0.414 च्या जागी 0.268 ने गुणायचं. मधलं काहीतरी आलं तर पुठ्ठा कोपऱ्यात धरून त्याचा साचा कापून घ्या आणि रॉड त्या साच्यावर ताडून बघा. एकाच खिडकीचे दोन कोपरे वेगळे निघतात, म्हणून दोन्ही मोजा.

वाकवताना घाई

या बाबतीत मला नवशिक्यांचा खरंच राग येतो, कारण इथे दुसरी संधी मिळत नाही. रॉड गुडघ्यावर ठेवून दोन्ही टोकं धरून झटका दिला की पोकळ नळी आत चेपते. चेपलेला भाग रुंदीला फुगतो आणि घट्ट रिंग तिथे अडते. परत सरळ करून पुन्हा वाकवू, असं म्हणतात. ॲल्युमिनियम एकदा वाकला की त्या जागी कडक होतो, पुन्हा उलट वाकवला की तडकतो. त्यामुळे एकदाच आणि सावकाश. गोल काहीतरी घ्या, ज्याची त्रिज्या तुम्हाला हव्या त्या गोलाईपेक्षा जराशी लहान असेल, कारण हात सोडल्यावर रॉड थोडा मागे उघडतो. बाकाच्या मध्यावर पेन्सिलने खूण करा, या खिडकीत ती टोकापासून सुमारे 66 सेंटिमीटरवर येते. खुणेच्या दोन्ही बाजूंनी थोडं थोडं दाबत जा आणि मध्ये मध्ये साच्यावर ठेवून बघा. पाकिटावर लिहिलेल्या किमान त्रिज्येच्या आत जायचं नाही, कोपरा कितीही अडचणीचा असला तरी.

दोन्ही बाक झाले की रॉड सपाट फरशीवर आडवा ठेवा. तो सगळीकडे टेकला पाहिजे. एक बाजू उचलून धरल्यासारखी वर राहत असेल तर रॉडला पीळ पडलाय, आणि तसाच बसवला तर एका बाजूचे ब्रॅकेट वर-खाली होतील. पीळ फरशीवरच काढा, भिंतीवर चढवल्यावर नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा रॉड असेल तर त्याचा सांधा बाकात येऊ देऊ नका. जाड नळीची कड रिंगेला अडवते. सांधा सरळ भागात घ्या आणि करवतीने कापलेली कड कानशीने घासा.

रिंगेचं आतलं माप रॉडच्या जाडीपेक्षा निदान 10 मिलीमीटरने मोठं हवं. सरळ रॉडवर जी रिंग छान धावते ती बाकावर तिरकी होऊन घट्ट बसते.

तेल लावू नका. धूळ चिकटते आणि पडद्याच्या वरच्या काठाला काळा पट्टा पडतो. कोरड्या फडक्यावर सिलिकॉन स्प्रे मारून त्याने रॉड पुसा, किंवा बाकाच्या वरच्या बाजूला मेणबत्ती घासा.

सगळे ब्रॅकेट एकाच पातळीत हवेत आणि ती पातळी छतावरून मोजू नका, छत स्वतःच तिरकं असू शकतं. लेझर किंवा पाण्याच्या नळीने तिन्ही भिंतींवर एकच रेघ आखा, आणि ड्रिल त्यानंतरच हातात घ्या.