उद्याच्या नो-लोड टेस्टची तयारी: दोन वॅटमीटर आणि एक मायनस

उद्या सकाळी मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रिवाइंड केलेली ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर नो-लोड चालवायचीये. आमच्याकडचा नवीन मुलगा पहिल्यांदाच दोन वॅटमीटर जोडणारे, म्हणून आज रात्रीच सगळं लिहून ठेवतोय. बडोद्यात काय नि कुठेही काय, मीटर तेच आणि चूकही तीच होते, तर बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

आधी मीटर काढून ठेव. नो-लोडला पॉवर फॅक्टर फार कमी असतो म्हणून सगळे एलपीएफ वॅटमीटर घेतात, ते ठीक आहे, पण त्यांचा पॉवर फॅक्टर ०.२ धरून रेंज बघ. करंट साधारण ३.२ अँपिअर येईल म्हणून ५ अँपिअरची रेंज घेतलीस तर ५ × ६०० × ०.२ म्हणजे ६०० वॅटलाच स्केल संपेल आणि एका मीटरचा काटा शेवटी जाऊन आपटेल, कारण मोटरचा अँगल ८२ अंश असला तरी त्या मीटरला ८२ वजा ३० म्हणजे ५२ अंशच दिसतो. म्हणून १० अँपिअर, ६०० व्होल्ट. आपल्या मीटरवर ६०० भाग आहेत, म्हणजे प्रत्येक भाग २ वॅटचा. हा २ वहीत वरतीच लिही, नंतर विसरायला होतं. व्होल्टेजला ३०० च्या टॅपवर चुकूनही जाऊ नकोस.

जोडताना दोन्ही मीटर अगदी सारखे जोड: करंट कॉइलचा एम सप्लायकडे, एल मोटरकडे, प्रेशर कॉइलचा सी आपल्याच फेजवर, आणि दोघांचे व्ही तिसऱ्या फेजवर, जिच्यात करंट कॉइल नाहीये. न्यूट्रल कुठेच जोडायचा नाही. सुरू करताना व्हेरिअ‍ॅक शून्यापासून हळूहळू वाढव, थेट ४१५ दिलेस तर स्टार्टिंग करंट करंट कॉइलमधून आणि अँमीटरमधून जाईल.

मोटर फिरायला लागली की आधी क्लॅम्पने तिन्ही लाइनचे करंट बघ. रिवाइंड केलेल्या मोटरला हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिन्ही जवळपास सारखे नसतील तर एकूण वॅट तरीही बरोबर निघतील, पण दोन रीडिंगवरून काढलेल्या पॉवर फॅक्टरला काही अर्थ राहणार नाही, आणि मग मोजणं थांबवून वायंडिंगच परत बघायचं.

व्होल्टेज वाढवत नेशील तसा एका मीटरचा काटा डावीकडे मागे जाऊन अडेल. घाबरू नकोस, पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की असंच होतं. सप्लाय बंद कर, त्या मीटरचे एम आणि एल उलटे कर आणि परत चालू कर. प्रेशर कॉइल उलटवू नकोस, तसं केलं तर मीटरच्या आत दोन कॉइलच्या मध्ये जवळजवळ पूर्ण लाइन व्होल्टेज येतं. आता काटा नीट उजवीकडे येईल, पण वहीत त्या रीडिंगपुढे मायनस लगेच लिही, अगदी आकडा लिहायच्या आधी.

मागच्या वेळच्या तशाच मोटरचे आकडे देतो. काटे ४१० आणि २५० भागांवर होते, म्हणजे ८२० वॅट आणि उणे ५०० वॅट. बेरीज ३२० वॅट, वजाबाकी १३२०.

tanφ = √3 × (W1 − W2) / (W1 + W2)

यात टाकलं की ७.१४ येतं, अँगल ८२ अंश, पॉवर फॅक्टर ०.१४. मी मायनस लिहायचा विसरलो होतो, तर बेरीज १३२०, फरक ३२० आणि पॉवर फॅक्टर ०.९२ आला. आमचे वायंडिंगवाले काका वहीत बघून एवढंच म्हणाले, "फरीथी जो," म्हणजे परत बघ. नो-लोडवर फिरणाऱ्या मोटरचा ०.९२ कसा येईल? तेव्हापासून अँमीटरने ताळा करतोच: १.७३२ × ४१५ × ३.२ म्हणजे २३०० व्हीए. ३२० भागिले २३०० म्हणजे ०.१४, दोन्ही वाटांनी एकच उत्तर. चुकीच्या बेरजेने १३२० भागिले २३०० केलं तर ०.५७ येतो, तो ०.९२ शी जुळत नाही, म्हणजे खूण कुठेतरी चुकलीये.

एखादा मीटर आधीच उलटा जोडून ठेवलेला असेल आणि खरी खूण कुठली ते कळत नसेल, तर सप्लाय बंद करून कमी रीडिंगवाल्या मीटरचा व्ही तिसऱ्या फेजवरून काढून दुसऱ्या मीटरच्या फेजवर लाव. परत चालू केल्यावर काटा मागे गेला तर ते रीडिंग मायनसच धरायचं, पुढे गेला तर प्लस. मग व्ही परत जागेवर लाव आणि आकडे नव्याने घे.