वास्तव वायूचं समीकरण कसं वाचावं आणि कसं वापरावं: a आणि b या दोन दुरुस्त्यांचा अर्थ

आदर्श वायूचं समीकरण PV = nRT बहुतेकांना पाठ असतं. पुढच्या पानावर व्हॅन डर वाल्स यांचं समीकरण येतं आणि तिथे एक गोष्ट हमखास खटकते. रेणू एकमेकांना ओढतात म्हणून वास्तव वायूचा दाब कमी भरतो, असं वाचलेलं असतं. मग समीकरणात दाबाशेजारी अधिकचं चिन्ह कसं?

```
(P + a n²/V²)(V − n b) = n R T
```

या चिन्हाचं कोडं सुटलं की बाकीचं समीकरण आपोआप उलगडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी चिन्हं नीट वाचा

आदर्श वायूबद्दल आपण दोन गोष्टी गृहीत धरतो. रेणूंना स्वतःचं आकारमान नाही, आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. ही गृहीतकं पाळणाऱ्या वायूसाठी दाब गुणिले आकारमान बरोबर nRT होतं. वास्तव वायू दोन्ही मोडतो. समीकरणातले P आणि V मात्र आपण मोजलेले असतात: P दाबमापकावर दिसणारा आणि V भांड्याचं आकारमान. व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ साली लायडन विद्यापीठातल्या प्रबंधात केलं ते इतकंच, की या मोजलेल्या आकड्यांवरून आदर्श आकडे परत मिळवले.

आकर्षणामुळे दाबमापकावर दाब कमी दिसतो, तेव्हा जेवढा कमी झाला तेवढा परत मिळवायचा. म्हणून अधिक. भांड्याचं सगळं आकारमान रेणूंना फिरायला मोकळं नसतं, तेव्हा अडलेली जागा वजा करायची. म्हणून उणे. दोन्ही कंस मिळून सांगतात, ‘हा वायू आदर्श असता तर त्याचा दाब आणि आकारमान एवढं असतं.’

प्रत्यक्ष गणितात आपल्याला बहुधा दाब हवा असतो. त्यासाठी समीकरण असं मांडून घ्या:

```
P = n R T / (V − n b) − a n² / V²
```

आता b मुळे दाब वाढतो आणि a मुळे घटतो, हे उघड दिसतं. दोन दुरुस्त्या उलट दिशांना ओढतात. वास्तव वायूचा दाब आदर्शपेक्षा नेहमी कमीच असतो हा समज इथेच काढून टाकावा. कोण जास्त ओढतं ते वायूवर, तापमानावर आणि गर्दीवर अवलंबून असतं.

b म्हणजे नेमकी कोणती जागा?

b म्हणजे एक मोल रेणूंचं स्वतःचं आकारमान, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते बरोबर नाही. b त्याच्या चौपट असतो, आणि हे चार कुठून येतात ते एकदा डोळ्यांसमोर आणण्यासारखं आहे.

सारख्या आकाराच्या दोन गोट्या घ्या आणि एकमेकींना टेकवा. त्यांच्या केंद्रांमधलं अंतर दोन त्रिज्यांएवढं असतं, त्याहून जवळ ती केंद्रं येऊच शकत नाहीत. म्हणजे एका गोटीभोवती दुप्पट त्रिज्येचा एक गोल असा आहे, की त्यात दुसरीच्या केंद्राला बंदी आहे. त्रिज्या दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. पण ही बंदी दोघींच्या मिळून आहे, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला त्यातलं निम्मं, म्हणजे स्वतःच्या चौपट आकारमान येतं.

या अर्थावरून रेणूचा आकारही काढता येतो. कार्बन डायऑक्साइडचा b आहे ०.०४२७ लिटर प्रति मोल. त्याला ॲव्होगॅड्रो संख्येने आणि मग चारने भागलं, की एका रेणूचं आकारमान मिळतं. रेणू गोल मानला तर त्याचा व्यास साधारण ०.३२ नॅनोमीटर भरतो. वायूच्या दाबावरून रेणूची जाडी कळते, ही मला या समीकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

a चं पद वर्गात का?

भांड्याच्या मधोमध असलेल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी ओढत असतात आणि ती ओढ एकूण फिटते. भिंतीवर आदळायला निघालेल्या रेणूच्या मात्र मागेच शेजारी असतात, पुढे कोणी नसतं. तो मागे ओढला जातो आणि त्याची धडक सौम्य होते. ती किती सौम्य होईल हे मागच्या गर्दीवर, म्हणजे n/V वर ठरतं. शिवाय भिंतीवर धडका किती बसतात तेही n/V वरच ठरतं. एक n/V प्रत्येक धडकेतल्या घटीचा आणि दुसरा धडकांच्या संख्येचा, म्हणून गुणाकारात वर्ग.

वर्गाचा परिणाम मोठा आहे. वायू दहापट दाबला की हे पद शंभरपट होतं. विरळ वायूत जे जाणवतही नाही, तेच दाट वायूत सगळ्यांत मोठं ठरू शकतं.

a चा आकडा आकर्षण किती ते सांगतो. कार्बन डायऑक्साइडसाठी तो ३.६४ आहे आणि हेलियमसाठी ०.०३५, दोन्ही बार आणि लिटरच्या एककांत. शंभरपटीचा फरक! b मधला फरक मात्र दुपटीहूनही कमी आहे. रेणू आकाराने फारसे वेगळे नसतात, एकमेकांना धरून ठेवण्यात असतात.

आता एक गणित सोडवू

एक मोल कार्बन डायऑक्साइड ४० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३१३ केल्विनला घेऊ. हे तापमान मुद्दाम निवडलंय, कारण सांगतो पुढे. R = ०.०८३१४ लिटर-बार प्रति मोल-केल्विन. त्यामुळे RT = २६.०२ लिटर-बार.

भांडं २५ लिटरचं असेल तर आदर्श दाब १.०४१ बार येतो आणि दुरुस्त दाब १.०३७ बार. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. नेहमीच्या दाबाला PV = nRT बिनधास्त वापरावं ते यामुळेच.

भांडं १ लिटरचं करा.

पहिली पायरी, आदर्श दाब: २६.०२ बार. तुलनेसाठी हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

दुसरी पायरी, आकारमानाची दुरुस्ती: मोकळी जागा १ − ०.०४२७ = ०.९५७३ लिटर. २६.०२ ला तिने भागलं की २७.१८ बार. दाब वाढला.

तिसरी पायरी, आकर्षणाची दुरुस्ती: ३.६४ भागिले १ चा वर्ग, म्हणजे ३.६४ बार वजा. उरले २३.५४ बार.

जागेच्या दुरुस्तीने सव्वा बारहून थोडा कमी चढवला, आकर्षणाने साडेतीन बारहून जास्त उतरवला. इथे आकर्षण जिंकलं. हेच हेलियमला करून बघा: मोकळ्या जागेमुळे दाब २६.६५ होतो आणि आकर्षणापोटी जेमतेम ०.०३ वजा होतात. उत्तर २६.६२ बार, आदर्शपेक्षा जास्त. समीकरण एकच, पण निकाल उलट.

आता कार्बन डायऑक्साइड ०.१ लिटरमध्ये कोंबा. आदर्श समीकरण म्हणतं २६० बार. दुरुस्त समीकरणात पहिलं पद ४५४ बार आणि वजा होणारं पद ३६४ बार, उत्तर ९० बार. प्रत्यक्षात मोजलेला दाब ८८ बारच्या आसपास असतो. आदर्श समीकरण जवळपास तिपटीने चुकलं आणि दोन साध्या दुरुस्त्यांनी ते ताळ्यावर आणलं. मात्र इथे एक सावधगिरी हवी. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा निघतो, तेव्हा a किंवा b मधली छोटी चूकही उत्तरात फुगते. शिवाय तक्त्यांतले a आणि b बहुतेक वेळा वायूच्या क्रांतिक तापमान आणि दाबावरूनच, म्हणजे द्रव आणि वायू हा भेद जिथे संपतो त्या बिंदूवरूनच, काढलेले असतात, त्यामुळे त्या परिसरात दाब इतका छान जुळण्यात फार नवल नाही.

कुठे फसतं आणि कसं ओळखावं

सगळ्यांत जास्त घोटाळा एककांचा होतो. a कधी बार-लिटरमध्ये ३.६४ असा दिलेला असतो, कधी ॲटमॉस्फिअर-लिटरमध्ये ३.५९ असा, तर कधी पास्कल आणि घनमीटरमध्ये ०.३६४ असा. शेवटचा आकडा चुकून लिटर-बारच्या गणितात घातला, तर १ लिटरसाठी उत्तर २६.८ बार येतं आणि दिसायला अगदी शहाण्यासारखं दिसतं. पकडायची खूण अशी: कार्बन डायऑक्साइड या तापमानाला आणि इतक्या दाबाला आदर्शपेक्षा कमीच दाब देतो. उत्तर वर गेलं की आधी a ची एककं तपासा.

दुसरी मर्यादा समीकरणाची स्वतःची आहे. तोच वायू ०.०६ लिटरमध्ये घेतला तर उत्तर ४९० बार येतं, प्रत्यक्षात दाब १३० बारच्या आतबाहेर असतो. कारण b चा हिशेब आपण दोन-दोन गोट्यांचा केला होता. खरी गर्दी झाली की बंदीचे गोल एकमेकांत शिरतात, तीच जागा दोनदा मोजली जाते आणि b प्रत्यक्षापेक्षा मोठा ठरतो. म्हणून उत्तरावर भरवसा ठेवण्यापूर्वी V भागिले nb काढून बघा. १ लिटरला हे गुणोत्तर २३ आहे, ०.१ लिटरला २.३ आणि ०.०६ ला १.४. तीनच्या खाली गेलं की उत्तर अंदाज म्हणून घ्यावं, दीडच्या खाली घेऊच नये.

आणि आता ४० अंश का ते. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव आणि वायू असे दोन थर होत नाहीत. खाली मात्र होतात, आणि समीकरण त्याची सूचना देत नाही. ० अंशाला ०.१५ लिटर घालून बघा: ५० बार. ०.१ लिटर घाला: ३२ बार. वायू दाबला आणि दाब कमी झाला, असं कुठल्याही भांड्यात घडत नाही. खऱ्या भांड्यात दोन्ही वेळा दाबमापक ३५ बारच दाखवेल, कारण तळाशी द्रव साचलेला असेल. जागा कमी केली की तेवढी जास्त वाफ द्रव होते, दाब हलत नाही. तेव्हा तापमान क्रांतिक तापमानाच्या खाली असेल, तर एकाच आकारमानाला उत्तर काढून थांबू नका. थोडं कमी आकारमान घेऊन पुन्हा काढा. दाब उतरला, तर तिथे नुसता वायू नाही.