जर्मनीतल्या ऑफिसात 'काव्हे' आणि 'हाल्ब'

जर्मनीत पोस्टिंग झालं की पहिल्याच आठवड्यात डिलिव्हरी कधी होणार याचा मेल येतो: "Lieferung in KW 32". मी ते किलोवॉट समजून बसलो होतो! हे 'कालेंडरवोखं', म्हणजे वर्षातला कितवा आठवडा. बोलताना 'काव्हे' म्हणतात. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि 4 जानेवारी ज्यात येते तो पहिला. त्यामुळे 2026 चा KW 32 म्हणजे 3 ते 9 ऑगस्ट. आउटलूकच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक सुरू करा, पण वर्षाचा पहिला आठवडा म्हणून 'First 4-day week' निवडा. '1 जानेवारीपासून' असं ठेवलं तर 2027 मध्ये तुमचा आकडा सगळ्यांपेक्षा एकाने पुढे राहील.

फोनवर याहून मोठा घोळ होतो. 'हाल्ब द्राय' ऐकून आपण साडेतीन धरतो, कारण 'द्राय' म्हणजे तीन आणि 'हाल्ब' म्हणजे अर्धा. प्रत्यक्षात ते तिनाच्या वाटेवर अर्धं, म्हणजे अडीच! तासभर उशिरा पोचून माफी मागण्यापेक्षा तिथल्या तिथे "फिर्त्सेन ऊर द्रायसिश?", म्हणजे 14:30 ना, असं विचारून घ्या. चोवीस तासांचं घड्याळ तिथे रोजचंच, कुणाला वावगं वाटत नाही.