‘मी आंबा खाल्ली’ का चुकतं? क्रियापद नक्की कोणाचं ऐकतं ते कसं ओळखायचं

माझी भाची सहावीत आहे, तिने वहीत लिहिलं होतं ‘मी आंबा खाल्ली’. मी विचारलं खाल्ली का गं, तर म्हणाली, मी मुलगी आहे ना मामा, मी खाते मग मी खाल्ली. तिचं लॉजिक चुकीचं नव्हतं, फक्त ते वर्तमानकाळाचं होतं आणि तिने ते भूतकाळाला लावलं. ही चूक खूप मुलं करतात म्हणून एकच वाक्य घेऊन सगळ्या काळांतून फिरवून बघू.

आधी साधा वर्तमानकाळ. दादा आंबा खातो, ताई आंबा खाते, बाळ आंबा खातं. आता आंब्याच्या जागी पोळी ठेवा, केळं ठेवा, क्रियापद हलत नाही, म्हणजे ते कर्त्याचं ऐकतंय. अनेकवचनात तर लिंगच दिसत नाही, मुलगे खातात, मुली खातात, बाळं खातात, सगळ्यांना ‘खातात’.

मग अपूर्ण काळ, म्हणजे काम चालू आहे. इथेही कर्ताच बघायचा. ‘दादा खात आहे, ताई खात आहे’ यात ‘खात’ बदलत नाही त्यामुळे लिंग कळत नाही, पण बोलताना आपण खातोय, खातेय, खातंय म्हणतो तिथे लगेच कळतं. भूतकाळात गेलं की लिंग ‘होता’मध्ये येऊन बसतं: दादा खात होता, ताई खात होती, बाळ खात होतं, मुलगे खात होते, मुली खात होत्या, बाळं खात होती. आंबा असो की पोळ्या, ताई खात ‘होती’च.

खरी गंमत आता. साधा भूतकाळ आणि पूर्ण काळ. ‘ताईने आंबा खाल्ला.’ ताईला ‘ने’ लागला की क्रियापद तिचं ऐकणं सोडतं आणि कर्माकडे वळतं. ताईने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, आंबे खाल्ले, पोळ्या खाल्ल्या, केळी खाल्ली. दादाने खाल्लं तरी अगदी हेच. पुढे आहे किंवा होता जोडलं तरी नियम तोच: ताईने आंबा खाल्ला आहे, पोळ्या खाल्ल्या होत्या. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि वरचा तो कर्तरी.

मग भाची कुठे अडकली? ‘मी’ आणि ‘तू’ला हा ‘ने’ दिसतच नाही, आपण ‘मीने’ म्हणत नाही ना, म्हणून मुलांना वाटतं क्रियापद माझंच ऐकतंय. यावर उपाय सोपा आहे, मी काढून तिथे ताई ठेवा आणि मोठ्याने म्हणा. ‘ताई आंबा खाल्ली’ कानाला खटकतं, ‘ताईने आंबा खाल्ला’ बरोबर वाटतं, म्हणजे ‘ने’ आला, म्हणजे आंब्याकडे बघायचं, म्हणजे ‘मी आंबा खाल्ला’, लिहिणारी मुलगी असो की मुलगा.

हीच ट्रिक उलटीकडूनही चालते. ‘मी डबा विसरले’ तपासा: ‘ताईने डबा विसरला’ असं प्रमाण मराठीत म्हणत नाहीत, ‘ताई डबा विसरली’ म्हणतात. ‘ने’ नाही, मग कर्म असूनही क्रियापद ताईचंच. शिकणेचंही तसंच, ताई गाणं शिकली, दादा गाणं शिकला. येणे, जाणे, झोपणे यांना तर कर्मच नसतं, तिथे प्रश्नच नाही, ताई आली आहे, दादा झोपला होता.

अजून एक जागा जिथे मार्क जातात. ‘पोळी खाल्ली’ आणि ‘केळी खाल्ली’ दिसायला सारखं, पण पहिली पोळी एक आहे आणि केळी अनेक. (एक केळं, अनेक केळी.) ‘आहे’ जोडा म्हणजे फरक बाहेर येतो: पोळी खाल्ली आहे, केळी खाल्ली आहेत. ‘होती’ जोडलं तर मात्र दोन्हीकडे होतीच राहतं, तेव्हा नाम बघूनच ठरवा.

आणि कर्मालाच ‘ला’ लागला तर? ‘ताईने बाळाला उचललं, ताईने मुलीला उचललं, ताईने मुलांना उचललं.’ आता ताईला ‘ने’ आहे, कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ आहे, दोघांपैकी कोणाचंच ऐकता येत नाही म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन उभं राहतं. हा भावे प्रयोग. पूर्ण काळातही ‘उचललं आहे’ असंच, ‘आहेत’ नाही.

आदरार्थी अनेकवचनाने पण गोंधळ होतो. बाई वही तपासतात, बाई वही तपासत होत्या, इथे आदर क्रियापदात दिसतो. पण ‘बाईंनी वही तपासली’ यात आदर फक्त ‘बाईंनी’पुरता, क्रियापद वहीचं, म्हणून ‘तपासल्या’ लिहू नका. बाईंनी वह्या तपासल्या तर मात्र तपासल्या, पण ते बाईंमुळे नाही, वह्या जास्त आहेत म्हणून.