थकबाकीचा आकडा सापडेना तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी डॅशबोर्ड बनवला होता. सगळं होतं त्यात: आवक, विक्री, पोती, थकबाकी वगैरे, असे सहा एकसारखे चौकोन. तरी मालक रोज सकाळी फोन करून विचारायचे, "आज येणं किती आहे रे?"

शेवटी त्यांच्या शेजारी बसून नुसतं बघत राहिलो. नजर चौकोनाचौकोनांतून फिरून परत यायची. सगळेच ठळक, मग थांबायचं कुठं?

पहिल्यांदा थकबाकी वर डावीकडे, इतर आकड्यांच्या तिप्पट मोठी केली. फिल्टर त्याखाली टाकले, आणि इथंच फसलो. मालकांनी खाली 'मागचा महिना' निवडला, वरचा आकडा गुपचूप बदलला. "एवढं कमी कसं झालं?" म्हणून मुनीमजींवर उखडले बिचारे.

मग फिल्टरची बारीक, फिकट पट्टी आकड्याच्या वर नेली. ज्यावर फिल्टर चालतो ते सगळं त्याच्या खाली. आकड्याखाली छोट्या अक्षरांत निवडही लिहिली: 'सर्व व्यापारी, आजअखेर'. त्याखाली किती दिवस थकलं याचे आडवे पट्टे, आणि सगळ्यात खाली व्यापाऱ्यांची यादी, जास्त येणं असलेला आधी. आवक आणि पोती दुसऱ्या पानावर गेली.

मोबाईलवर मात्र फिल्टरच अर्धा स्क्रीन खायला लागले. तिथं ते एका बटणात मिटवले, पण निवडलेली नावं बटणावर दिसतीलच असं ठेवलं.

आता फोन येतो तो यादीतल्या तिसऱ्या नावाबद्दल.